नऊ छापे, तीन काटे आणि माझा प्रायर

एम.एस्सी.च्या बेझियन पेपरचा पहिला गृहपाठ एका नाण्यावर होता. नाण्याचा छापा पडण्याची संभाव्यता θ, आणि ती आपल्याला माहीत नाही. आधी θ बद्दलचा स्वतःचा प्रायर निवडायचा आणि तो का निवडला ते लिहायचं. मग नाणं १२ वेळा उडवलं, ९ छापे आणि ३ काटे पडले, या माहितीवरून पोस्टीरियर, म्हणजे फेकी पाहिल्यानंतरचं θ चं वितरण, काढायचा. तेच गणित एकसमान प्रायर घेऊन पुन्हा करायचं आणि दोन्हींची तुलना करायची. शेवटी एक छोटा उपप्रश्न: हेच प्रमाण टिकून १२० फेकींत ९० छापे पडले असते, तर काय म्हणाल?

वर्गातल्या बहुतेकांना वाटलं की गणित म्हणजे पोस्टीरियर काढणं, आणि प्रायरचं समर्थन म्हणजे दोन ओळींची औपचारिकता. माझा वेळ नेमका उलट गेला. पोस्टीरियरला अर्धं पान लागलं. प्रायर ठरवायला मात्र मी बराच वेळ बसले, आणि या प्रश्नात शिकण्यासारखं जे होतं ते तिथेच होतं असं मला अजूनही वाटतं.

प्रायर म्हणजे फेकी बघण्याआधी θ बद्दल आपल्याला जे वाटतं ते, वितरणाच्या रूपात. θ शून्य ते एकच्या मध्ये असल्यामुळे पुस्तकं सरळ बीटा वितरण हातात देतात:

p(θ) ∝ θ^(a−1) (1−θ)^(b−1)

म्हणजे a आणि b हे दोन आकडे आपण ठरवायचे. पण "मला वाटतं नाणं बहुधा बरोबर आहे" या वाक्यातून दोन आकडे कसे काढायचे? सरांनी वर्गात एक रीत सांगितली होती, ती मी वापरली. आधी मध्य ठरवायचा. माझ्याकडे छाप्याकडे किंवा काट्याकडे झुकण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून मध्य ०.५, म्हणजे a आणि b सारखे. मग स्वतःला विचारायचं: θ कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे यावर मी ९५ टक्के खात्रीने बोट ठेवीन?

इथे नुसत्या मनाच्या कौलावर भागणार नव्हतं, कारण समर्थन लिहायचं होतं. मग नाण्यांबद्दल खरोखर काय माहीत आहे ते शोधलं. जॉन केरिच हा गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकला होता. तिथे त्याने एक नाणं १०,००० वेळा उडवलं आणि ५,०६७ छापे मोजले. २००७ मध्ये पर्सी डायाकोनिस, सुझन होम्स आणि रिचर्ड माँटगोमेरी यांनी नाणेफेकीचं भौतिकशास्त्र मांडलं. हवेत फिरणारं नाणं किंचित डगमगतं, त्यामुळे उडवताना जी बाजू वर असते तीच पुन्हा वर येण्याची संभाव्यता साधारण ०.५१ असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२३ मध्ये फ्रान्तिशेक बार्तोश आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांकडून ३,५०,७५७ फेकी करवून घेतल्या आणि हे प्रमाण ०.५०८ निघालं. हा झुकाव सुरुवातीच्या बाजूचा आहे, छाप्याचा नव्हे. दर वेळी सुरुवातीची बाजू बदलत राहिली तर तो छापा-काट्याच्या हिशेबातून निघूनच जातो. अँड्र्यू गेलमन आणि डेबोरा नोलन यांनी २००२ मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटलं होतं की फासा जड करता येतो, पण उडवून हातात झेललेलं नाणं एका बाजूला झुकवता येत नाही. एका बाजूला वजन टाकलं तरी हवेत नाणं आपल्या गुरुत्वमध्याभोवतीच फिरतं, आणि कोणती बाजू वर राहणार हे त्या फिरण्यावर ठरतं. टेबलावर भोवऱ्यासारखं फिरवलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी. तिथे कडेचा आकार आणि वजनाची वाटणी दोन्ही महत्त्वाची ठरतात, आणि झुकाव चांगला मोठा असू शकतो.

प्रश्नात नाणं "उडवलं" असं लिहिलं होतं, फिरवलं नव्हे. तेव्हा माझं मत बऱ्यापैकी घट्ट असायला हवं होतं. पण कोणी उडवलं, झेललं की जमिनीवर पडू दिलं, नाणं कोणतं, हे काहीच दिलेलं नव्हतं. म्हणून मी थोडी ढील दिली आणि ठरवलं: ९५ टक्के खात्रीने θ ०.४ ते ०.६ च्या मध्ये.

आता आकडे निघतात. a आणि b सारखे असतील तर बीटाचं प्रचरण 1/(4(2a+1)) असतं. ०.५ च्या दोन्ही बाजूंना ०.१ म्हणजे जवळजवळ दोन प्रमाण विचलनं, म्हणजे एक प्रमाण विचलन साधारण ०.०५१. त्यावरून 2a+1 सुमारे ९६ येतं. मी a = b = ४८ घेतलं. R मध्ये `qbeta(0.025, 48, 48)` टाकून पाहिलं, खालची मर्यादा ०.४० च्या जवळ आली.

बीटा(४८, ४८) लिहून झाल्यावर मला थांबावंसं वाटलं, कारण या आकड्यांचा एक सरळ अर्थ आहे. पोस्टीरियरमध्ये a मध्ये छापे मिळवले जातात आणि b मध्ये काटे. म्हणजे प्रायरचे a आणि b हे आधीच पाहून ठेवलेल्या फेकींसारखे वागतात. बीटा(४८, ४८) लिहिणं म्हणजे "मी ९६ फेकी आधीच पाहिल्या आहेत आणि त्यांत निम्मे छापे होते" असं म्हणण्याइतकंच. समोर येणार होत्या फक्त १२ फेकी. निकाल कोणाच्या बाजूने झुकणार हे गणित करण्याआधीच दिसत होतं.

हे मत खरंच माझं आहे का, हे तपासायला मी एक खोटा निकाल मनात आणला. समजा पहिल्या दहाही फेकींत छापा पडला. माझ्या प्रायरप्रमाणे पोस्टीरियर होईल बीटा(५८, ४८), आणि त्याचा मध्य ५८/१०६, म्हणजे ०.५४७. सलग दहा छापे पाहूनही मी म्हणणार की पुढचा छापा पडण्याची संभाव्यता ०.५५! मला हे पटेना. सलग दहा छापे पडले तर मी नाणं हातात घेऊन दोन्ही बाजू बघेन, उडवणाऱ्याच्या हाताकडे बघेन. ०.५५ वर समाधान मानून गप्प बसणार नाही. हे मी वहीच्या समासात लिहून ठेवलं आणि पुढे गेले, कारण एका बीटाने यावर करता येण्यासारखं काही नव्हतं. a आणि b कमी केले तर दहा छाप्यांवरचं उत्तर सुधारतं, पण मग रोजच्या नाण्याबद्दलचं माझं घट्ट मत सैल पडतं.

पोस्टीरियरचं गणित आता चटकन झालं. १२ फेकींत ९ छापे आणि ३ काटे यांची लाइकलीहूड, म्हणजे θ ठरलेला असताना नेमका हाच निकाल येण्याची संभाव्यता, θ^9 (1−θ)^3 च्या प्रमाणात. प्रायरशी गुणल्यावर:

θ^47 (1−θ)^47 × θ^9 (1−θ)^3 = θ^56 (1−θ)^50

घातांकांत प्रत्येकी एक मिळवला की बीटा(५७, ५१). इथे संकलन करायची गरजच पडत नाही. θ चा भाग ज्या वितरणाचा दिसतो, तेच ते वितरण; पुढचा स्थिरांक आपोआप ठरतो, कारण एकूण संभाव्यता १ व्हायलाच हवी. लाइकलीहूडमधला २२० हा गुणक, म्हणजे १२ पैकी ९ जागा निवडण्याचे प्रकार, सोडून दिला तरी चालतं, त्यात θ नाही म्हणून. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तो शेवटपर्यंत वागवला आणि उत्तर तेच आलं, फक्त तिचं पान भरलं. घातांकातला एक विसरणं ही मात्र इथली नेहमीची चूक: θ^56 पाहून बीटा(५६, ५०) लिहिलं जातं. ती पकडायला सोपा उपाय म्हणजे बेरीज. प्रायरची ९६ आणि फेकींची १२ मिळून १०८ यायलाच हवेत.

मध्य आला ५७/१०८, म्हणजे ०.५२८. प्रायरचा मध्य ०.५, निव्वळ फेकींतलं प्रमाण ०.७५. बीटा प्रायर असेल तर पोस्टीरियरचा मध्य नेहमी या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि कुठे पडतो ते वजनावर ठरतं: १०८ पैकी ९६ भाग प्रायरचे, १२ भाग फेकींचे. उत्तर या दोन आकड्यांच्या बाहेर गेलं, तर कुठेतरी आकडेमोड चुकलेली आहे हे नक्की. ९५ टक्क्यांचा क्रेडिबल इंटरव्हल साधारण ०.४३ ते ०.६२ आला आणि θ > ०.५ असण्याची संभाव्यता ०.७२.

सूत्रावर विसंबायचं नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या वाटेनेही पडताळलं. θ च्या हजार बारीक पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीवर प्रायर आणि लाइकलीहूड यांचा गुणाकार घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज १ होईल असं भागायचं:

```r
theta <- seq(0, 1, by = 0.001)
w <- dbeta(theta, 48, 48) * theta^9 * (1 - theta)^3
w <- w / sum(w)
sum(theta * w)
```

०.५२७७७७८ आलं, म्हणजे ५७/१०८ च. या चार ओळी मला सूत्रापेक्षा जास्त उपयोगी वाटतात. प्रायर बीटा नसला, कागदावर हाताने काढलेला काहीतरी वेडावाकडा आकार असला, तरी दुसऱ्या ओळीत `dbeta` च्या जागी तो टाकला की काम चालतं. पायऱ्या एकसारख्या हव्यात आणि वितरण फार टोकदार असेल तर त्या आणखी बारीक हव्यात, एवढीच काळजी घ्यायची.

एकसमान प्रायर म्हणजे बीटा(१, १). या प्रश्नाचा हा सर्वांत जुना प्रायर. थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, रिचर्ड प्राइसने रॉयल सोसायटीसमोर आणून छापवला, त्यातलं गणितही याच गृहीतकावर उभं आहे. ९ छाप्यांनंतर बीटा(१०, ४) होतं. मध्य १०/१४, म्हणजे ०.७१४. क्रेडिबल इंटरव्हल ०.४६ ते ०.९१. θ > ०.५ असण्याची संभाव्यता ०.९५४. ही शेवटची संभाव्यता तर हातानेही काढता येते: दोन्ही आकडे पूर्णांक असतील तर बीटाचं क्षेत्रफळ द्विपदीच्या बेरजेत बदलतं, आणि उरलेला भाग १३ सरळ फेकींत किमान १० छापे पडण्याच्या संभाव्यतेइतका, म्हणजे ३७८/८१९२ असतो.

तुलना लिहायला बसलो तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, पण मग तू उत्तर आधीच ठरवून टाकलंस ना! बीटा(१, १) घेतलं की निदान फेकी बोलतात. तुझ्या वितरणात त्यांना तोंडच उघडता येत नाही."

मी म्हटलं, "बीटा(१, १) पण काहीतरी बोलतंयच की. त्याच्या हिशेबाने छापा ०.९ च्या वर असण्याची शक्यता दहा टक्के आहे. तुझ्या पर्समधल्या नाण्यांपैकी दहातलं एक असं असेल, असं तुला खरंच वाटतं?"

"नाही वाटत. पण मग ४८ तरी कुठून आणलेस? मी १० म्हटलं तर?"

हा तिचा मुद्दा रास्त होता आणि मी तो उत्तरात तसाच घेतला. ४८ हा आकडा पवित्र नाही. म्हणून मी बीटा(१०, १०) घेऊनही गणित केलं. त्यात ९५ टक्के खात्रीची पट्टी साधारण ०.२९ ते ०.७१ अशी रुंद आहे. पोस्टीरियर बीटा(१९, १३), मध्य ०.५९४. तीन प्रायर, तीन मध्य: ०.७१, ०.५९, ०.५३. बारा फेकींत एवढाच दम असतो, आणि हे तीन आकडे शेजारी ठेवले की ते लपवता येत नाही. वर्गातल्या एका मुलाने ९ छापे पाहिल्यावर प्रायरचा मध्य ०.६ ला सरकवला होता, "नाणं थोडं झुकलेलं दिसतंय" म्हणून. तेच छापे त्याने दोनदा मोजले: एकदा प्रायरमध्ये आणि एकदा लाइकलीहूडमध्ये. अशा उत्तरावरून ते ओळखता येत नाही, कारण गणित बिनचूक असतं. ओळखायचं तर समर्थनाच्या ओळी वाचाव्या लागतात. त्यात निकालाचा वास आला की समजावं.

क्रमाबद्दलही सरांनी जाता जाता विचारलं होतं. एकेक फेक घेऊन मत बदलत गेलो, छाप्याला a एकने वाढवला, काट्याला b एकने, तर बाराव्या फेकीनंतर बीटा(५७, ५१) च येतं. छापे आधी आले की काटे, फरक पडत नाही. मात्र यामागे एक गृहीतक आहे: θ सगळ्या फेकींत तोच राहतो. उडवणारा थकत गेला, त्याची पद्धत बदलत गेली, तर क्रमालाही अर्थ येतो आणि हे मॉडेल तो बघूच शकत नाही.

आता १२० फेकी आणि ९० छापे. एकसमान प्रायरने बीटा(९१, ३१), मध्य ०.७४६. माझ्या प्रायरने बीटा(१३८, ७८), मध्य ०.६३९. अपेक्षित उत्तर इथे होतं "माहिती वाढली की प्रायरचा प्रभाव कमी होतो", आणि ते खरं आहे. १२०० फेकींत ९०० छापे पडले तर दोन्ही मध्य ०.७५० आणि ०.७३१ इतके जवळ येतात. पण १२० वरचं माझं ०.६३९ मला बोचत होतं. १२० फेकींत ९० छापे म्हणजे सरळ नाण्याच्या ६० या अपेक्षेपेक्षा ३० जास्त, पाच प्रमाण विचलनांहून पुढे. अशा वेळी कोणी माणूस "०.६४ असेल" म्हणणार नाही. तो म्हणेल, हे नेहमीचं नाणं नाही, तेव्हा नेहमीच्या नाण्यांवरचं माझं ज्ञान इथे लावण्यात अर्थ नाही. माझं ०.६३९ तर कोणालाच खरं वाटणारं नव्हतं: नेहमीच्या नाण्यासाठी जास्त, आणि फेकींकडे पाहता कमी. समासात लिहिलेले ते सलग दहा छापे इथे पुन्हा समोर आले. दोन्हीकडे अडचण एकच होती. एकटं बीटा फक्त किती हट्टी राहायचं ते सांगू शकतं. "मी अमुक मर्यादेपर्यंत हट्टी आहे, त्यापुढे माझं मूळ मतच सोडून देईन" हे त्याला म्हणता येत नाही.

म्हणून शेवटच्या उपप्रश्नाच्या उत्तरात मी मिश्र प्रायर मांडला. ९५ टक्के वजन बीटा(४८, ४८) वर: नेहमीचं नाणं, नीट उडवलेलं. ५ टक्के वजन बीटा(१, १) वर: काहीतरी वेगळंच चाललंय, त्याबद्दल मला काही ठाऊक नाही. गणित फार अवघड होत नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, नेहमीसारखाच बदलतो. त्यात भर एवढीच की दोन भागांची वजनंही बदलतात, आणि ती बदलतात प्रत्येक भागाने या फेकी आधीच किती अपेक्षित धरल्या होत्या त्या प्रमाणात. तो आकडा म्हणजे B(a+छापे, b+काटे) / B(a, b), जिथे B हे बीटा फल.

९ छापे, ३ काटे यासाठी एकसमान भागाला हा आकडा १/२८६० येतो, म्हणजे ०.०००३५०. घट्ट भागाला ०.०००२७२. दोन्हींत फार फरक नाही. एकसमान भाग १.२८ पट सरस. त्यामुळे त्याचं वजन ५ टक्क्यांवरून जेमतेम ६.३ टक्क्यांवर जातं, आणि एकूण मध्य ०.५४ च्या आसपास राहतो. म्हणजे बारा फेकींवर माझं आधीचं उत्तर जवळपास तसंच टिकतं. हे मला फार बरं वाटलं. नऊ-तीन एवढ्यावर संशय घ्यायचं कारणच नाही.

१२० फेकींत ९० छाप्यांवर मात्र एकसमान भाग साधारण २०० पट सरस ठरतो. त्याचं वजन ५ टक्क्यांवरून सुमारे ९१ टक्क्यांवर जातं, आणि एकूण मध्य ०.७४ च्या आसपास येतो. हे आकडे मोठ्या फॅक्टोरियलचे असल्यामुळे सरळ भागाकार केला तर संगणकावर इतके लहान होतात की वाचणं कठीण. R मध्ये `lbeta` ने लॉग घ्यायचे, वजाबाकी करायची आणि शेवटी `exp`:

```r
m <- function(a, b, h, k) lbeta(a + h, b + k) - lbeta(a, b)
exp(m(1, 1, 90, 30) - m(48, 48, 90, 30))
```

आणि ते सलग दहा छापे? तिथे एकसमान भाग साधारण ६० पट सरस. वजन ७६ टक्के, मध्य ०.८३. वहीच्या समासात ज्या ०.५४७ ला मी नाकारलं होतं, त्याच्या जागी आता मला मान्य होईल असा आकडा होता.

५ टक्के कुठून आणले, हा प्रश्न मैत्रिणीने पुन्हा विचारलाच. मी १ टक्का घेऊनही करून पाहिलं. १२० फेकींवर वजन तरीही ६७ टक्क्यांपर्यंत चढतं, म्हणून निष्कर्षाची दिशा बदलत नाही. बारा फेकींवर तर फरक जाणवतही नाही. पण शून्य टक्के ठेवले तर मात्र कितीही फेकी झाल्या तरी ते शून्यच राहतं, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. डेनिस लिंडलीने याच धोक्याला क्रॉमवेलचा नियम असं नाव दिलं होतं: जे तर्काने अशक्य नाही त्याला शून्य संभाव्यता देऊ नये.

सरांनी वही परत दिली तेव्हा मिश्र प्रायरपाशी एक प्रश्न लिहिला होता: "मग पुढच्या दोन्ही फेकी छापा पडण्याची संभाव्यता किती? मध्याचा वर्ग का नाही?" साध्या एकसमान प्रायरवर मी ते आधी केलं. ९ छाप्यांनंतर पुढच्या एका छाप्याची संभाव्यता १०/१४. तो पडला की a एकने वाढतो, म्हणून दुसऱ्याची ११/१५. गुणाकार ०.५२४. मध्याचा वर्ग ०.५१० येतो, म्हणजे कमी. θ माहीत असता तर फेकी एकमेकींपासून स्वतंत्र असत्या. तो माहीत नाही, म्हणून पहिला छापा दुसऱ्याबद्दल काही सांगून जातो. बीटा(५७, ५१) वर हीच तफावत ०.२८१ विरुद्ध ०.२७९ इतकी बारीक उरते, कारण तिथे आणखी एका छाप्याने शिकण्यासारखं फारसं शिल्लक नसतं. मिश्र प्रायरवर ती पुन्हा किंचित वाढते, कारण प्रत्येक नवा छापा θ बद्दल तर सांगतोच, शिवाय हे नाणं कोणत्या जातीचं आहे याबद्दलही.